पोस्टपेड कौटुंबिक योजना : शिल्लक डेटा, जोडनंबर आणि बिलमर्यादा यांबाबतच्या चुका टाळा

कौटुंबिक पोस्टपेड योजनेत सर्वांत महागात पडणारी चूक एका गैरसमजातून होते. एका खात्यावर चार नंबर असले की त्यांचा डेटाही एकच असतो, असे आपण गृहीत धरतो. पुष्कळ योजनांत मात्र डेटाचा कोटा आणि पुढच्या महिन्यात जाणारी शिल्लक, म्हणजे रोलओव्हर, हे ज्या त्या नंबरचे असतात. देणे मात्र संपूर्ण खात्याचे असते आणि ते मुख्य नंबरधारकाच्या नावावर पडते. काही योजनांत डेटा खरोखरच सामाईक असतो. त्यामुळे आपली योजना कोणत्या प्रकारची आहे, हे कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येक नंबरचा उरलेला डेटा वेगवेगळा दिसतो की एकत्र, यावरून आधी पाहून घ्यावे.

समजा, पुण्यातील एका गृहस्थांचा मुख्य नंबर ५९९ रुपयांच्या योजनेवर आहे आणि नागपूरच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा जोडनंबर ३४९ रुपयांचा आहे. वडिलांच्या नंबरवर साठत आलेला शिल्लक डेटा १५० जीबी आहे, म्हणून मुलाने लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला तरी चालेल, असे दोघांनाही वाटते. मुलाचा कोटा महिन्याच्या मध्यावर संपतो. कोटा संपल्यावर काही योजनांत वेग कमी होतो, तर काहींत डेटा तसाच चालू राहून त्याचे पैसे लागतात. या उदाहरणात दर प्रति एमबी २ पैसे आहे. ऐकायला तो नगण्य वाटतो, पण १ जीबीचे २० रुपये ४८ पैसे होतात आणि मुलाने आणखी ६० जीबी वापरले, तर १,२२८ रुपये ८० पैसे. दोन्ही नंबरांचे भाडे ९४८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल सुमारे २,५६९ रुपयांवर जाते. वडिलांचे १५० जीबी मात्र जसेच्या तसे राहतात.

‘आमची मर्यादा ३,००० रुपयांची आहे, मग चिंता कशाची?’ हा यापुढचा गैरसमज. ही मर्यादा, म्हणजे क्रेडिट लिमिट, म्हणजे कंपनी उधारीवर किती सेवा देईल याची सीमा. वरचे संपूर्ण बिल या सीमेच्या आतच बसते, त्यामुळे तिने काहीच अडवले नसते. शिवाय तिच्यात केवळ चालू महिन्याचा वापर मोजला जात नाही, मागील थकबाकीही धरली जाते. याच घरात मागील १,११८ रुपये ६४ पैशांचे बिल भरायचे राहिले असेल आणि चालू महिन्याचे भाडे सुरुवातीलाच मोजले जात असेल, तर ३,००० पैकी २,०६६ रुपये ६४ पैसे आधीच अडकलेले असतात. मग कोट्यापलीकडील सुमारे १६ जीबी वापर होताच मर्यादेचे ८० टक्के, म्हणजे २,४०० रुपये, गाठले जातात आणि साधारण ४५ जीबीनंतर ती पूर्ण भरते. ट्रायच्या निर्देशांनुसार ८० टक्क्यांवर ग्राहकाला कळवणे कंपनीला बंधनकारक आहे, परंतु हा संदेश सहसा मुख्य नंबरवर येतो. डेटा वापरणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून असा संदेश आला, की आधी कोणत्या नंबरने वापर वाढवला हे पाहावे, आणि मगच मर्यादा वाढवण्याचा विचार करावा.

मर्यादा कमी करून घेणे हा चांगला उपाय आहे, पण ती फार खाली आणू नये. खाते अडले की एकाच्या वापरामुळे घरातील इतरांचेही बाहेर जाणारे कॉल बंद होऊ शकतात. नेहमीच्या करासहित बिलाच्या साधारण दीडपट मर्यादा मला सुरक्षित वाटते. वरील घरासाठी ती सुमारे १,७०० रुपये होईल. जोडनंबरवर कोट्यानंतर पैसे लागत असतील, तर ती सोय बंद करता येते का, हे ग्राहकसेवेला विचारावे. तोवर तातडीचा मार्ग म्हणजे त्याच नंबरवरून `STOP` असा संदेश १९२५ वर पाठवून मोबाइल डेटा बंद करणे.

परदेशप्रवासात मर्यादेवर विसंबून राहू नये. परदेशी जाळ्यावरील वापराच्या नोंदी आपल्या कंपनीकडे पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे मर्यादा ओलांडल्याचे कळेपर्यंत आणखी वापर झालेला असू शकतो. रोमिंग पॅक सुरू झाल्याचा संदेश येईपर्यंत फोनमधील डेटा रोमिंग बंदच ठेवावे, आणि जोडनंबर सोबत असेल तर त्याचा पॅक वेगळा घ्यावा लागेल का, हे निघण्यापूर्वी विचारावे.

शिल्लक डेटाला कमाल मर्यादा असते, अनेक योजनांत ती २०० जीबी आहे. नंबर प्रीपेडवर नेला किंवा दुसऱ्या कंपनीकडे वळवला, तर साठलेला डेटा सोबत जात नाही. योजना बदलतानाही तो राहील की नाही, हे ग्राहकसेवेकडून लेखी विचारून घ्यावे. बिलात एखादी रक्कम पटत नसेल, तर तक्रार क्रमांक घेऊन त्या नंबरचा तपशीलवार वापर मागावा. उत्तराने समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तेथे तो तक्रार क्रमांक मागितला जातो.