ताऱ्यांच्या गाभ्यातील टनेलिंग: हिशेब मांडताना या चुका टाळा

सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे १.५७ कोटी केलव्हिन आहे आणि त्या तापमानाला कणांच्या उष्णतेच्या ऊर्जेचे माप असलेली kT ही राशी जेमतेम १.३५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. (पुढच्या सर्व ऊर्जा याच एककात आहेत.) दोन प्रोटॉन एकमेकांपासून १ फेम्टोमीटरवर आणायचे तर विद्युत प्रतिकर्षणाविरुद्ध सुमारे १४४० एकके खर्च होतात. अभिजात भौतिकीप्रमाणे यासाठी सुमारे ११०० कोटी केलव्हिन तापमान हवे. ही तफावत टनेलिंगने, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही कण अडथळ्यापार जाण्याच्या क्वांटम परिणामाने, भरून निघते, हे सगळ्यांना पाठ असते. गडबड होते ती आकडे मांडताना.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे या विद्युत प्रतिकर्षणाच्या अडथळ्याला, म्हणजेच कुलोम अडथळ्याला, आयताकृती भिंत समजणे. पाठ्यपुस्तकातील पहिले उदाहरण आयताकृती अडथळ्याचे असते, त्याचे सूत्र सुटसुटीत असते आणि घाईत असलेल्या विद्यार्थ्याला पुढचे प्रकरण उघडण्याची गरज वाटत नाही. एकदा एका विद्यार्थ्याने मला असेच गणित आणून दाखवले. १.३५ ऊर्जेचा प्रोटॉन अभिजात नियमाने सुमारे १०६७ फेम्टोमीटरवरच थांबतो, हे त्याने अचूक काढले होते. पुढे मात्र त्याने १४४० उंचीची आणि १०६७ फेम्टोमीटर जाडीची सपाट भिंत गृहीत धरली आणि आयताच्या सूत्रातून e चा घात उणे ३९७ काढला. म्हणजे पलीकडे जाण्याची शक्यता लिहायची तर दशांश चिन्हानंतर १७० हून अधिक शून्ये मांडावी लागतात. ‘टनेलिंग धरूनही सूर्य पेटत नाही’ असा निष्कर्ष त्याने निःशंकपणे लिहिला होता, आणि बेरीज-गुणाकारात कुठेही चूक नसल्यामुळे तो मागे हटायलाही तयार नव्हता.

मी त्याला अडथळ्याचा आलेख काढायला लावला. कुलोम ऊर्जा अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे १०० फेम्टोमीटरवरच ती १४.४ एवढी उरते. म्हणजे अडथळ्याच्या जाडीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शिखराच्या एक शतांशापेक्षाही बुटका आहे आणि १४४० ची उंची केवळ केंद्रकाला लागून असलेल्या अरुंद सुळक्यात आहे. अडथळ्याच्या या खऱ्या आकारावर समाकलन केले की शक्यता पुढील रूपात येते:

```
P ≈ exp(−√(E_G/E))
```

इथे E ही टकरीची ऊर्जा आणि E_G ही कणांचे विद्युतभार व वस्तुमान यांवर ठरणारी ऊर्जा; दोन प्रोटॉनसाठी तिची किंमत सुमारे ४९३ आहे. E = १.३५ ठेवल्यावर घात उणे १९ येतो, म्हणजे साधारण वीस कोटींत एक. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये अल्फा क्षयासाठी हीच मांडणी केली आणि १९२९ मध्ये ॲटकिन्सन आणि हाउटरमन्स यांनी ती ताऱ्यांना लावली. मी आजही कोणत्याही सूत्राला हात लावण्यापूर्वी कागदावर अडथळा काढतो आणि प्रोटॉन अभिजात नियमाने कुठे थांबतो, तिथे खूण करतो.

दुसरी चूक अधिक सभ्य दिसते, म्हणून अधिक टिकते. गाभ्यातील kT एवढ्या ऊर्जेचा ‘नेहमीचा’ प्रोटॉन घेऊन त्याच्याच ऊर्जेवर हिशेब संपवला जातो. वास्तविक ऊर्जा वाढते तशी पार जाण्याची शक्यता झपाट्याने वाढते, तर तेवढ्या ऊर्जेच्या टकरींची संख्या झपाट्याने घटते, आणि अभिक्रियेचा वेग या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो. सूर्याच्या गाभ्यासाठी हा गुणाकार सुमारे ६ एककांच्या आसपास सर्वाधिक होतो. यालाच गॅमो शिखर म्हणतात. तिथे तापमानाचा घटक नव्वदांत एक आणि टनेलिंगचा घटक सुमारे आठ हजारांत एक, म्हणजे एकत्रित साडेसात लाखांत एकाच्या आसपास. १.३५ वर हाच गुणाकार चोपन्न कोटींत एक येतो. kT वर थांबणारा माणूस असा सातशेपटीने चुकतो. याउलट केवळ अतिवेगवान प्रोटॉनच अडथळ्यावरून उडी मारून जात असतील, हा तर्कही टिकत नाही, कारण केवळ उष्णतेमुळे १४४० ऊर्जा मिळालेला प्रोटॉन अख्ख्या सूर्यात एकही सापडणार नाही.

उत्तर तपासण्याची माझी सवय अशी: शिखराच्या ऊर्जेला kT ने भागावे, ३ ने गुणावे, त्यातून २ वजा करून ३ ने भागावे. प्रोटॉन-प्रोटॉन अभिक्रियेसाठी साधारण ४ यायला हवे, कारण तिचा वेग तापमानाच्या चौथ्या घाताच्या जवळपास बदलतो. तुमच्या शिखरातून २० आले, तर बहुधा तुम्ही प्रोटॉन आणि नायट्रोजन-१४ यांचे विद्युतभार व वस्तुमान घातले आहेत.

प्रोटॉन ‘ऊर्जा उसनी घेतो’ हे वाक्य कृपया लिहू नये. अडथळा ओलांडताना एकूण ऊर्जा बदलत नाही.

शेवटचा मुद्दा सूर्याच्या संथपणाचा. गाभ्यातील एका प्रोटॉनला दुसऱ्याशी जुळून ड्यूटेरॉन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी, व्हायला सरासरी अब्जावधी वर्षे लागतात आणि बरेच लेख याचे सारे खापर कुलोम अडथळ्यावर फोडतात. त्यांनी पुढची पायरी पाहावी. ड्यूटेरॉन आणि प्रोटॉन यांच्यामध्येही विद्युतभारांचा गुणाकार तितकाच आहे, तरीही हा ड्यूटेरॉन काही सेकंदांत हेलियम-३ होतो. फरक एवढाच की पहिल्या पायरीत टक्कर चालू असताना एका प्रोटॉनचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि ते काम दुर्बल बलाचे असल्यामुळे अडथळा पार झालेल्या जोड्यांपैकी जवळजवळ सगळ्या पुन्हा विलग होतात.