तरसाचा लांबचा ठिपका पुसण्याआधी: एमसीपी काढताना या चुका टाळा

पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात एका तरसाच्या नोंदी जमवत होतो. कधी डोळ्यांनी दिसलेलं, कधी कॅमेऱ्यात आलेलं, असे एकूण 40 ठिपके झाले. त्यावरून त्याचं वावर-क्षेत्र, म्हणजे होम रेंज, मोजायला मिनिमम कॉन्व्हेक्स पॉलिगॉन, म्हणजे एमसीपी काढला. प्रत्येक ठिपक्यावर खुंटी ठोकायची आणि सगळ्यांच्या बाहेरून सुतळी ताणायची, एवढीच ही पद्धत. पण सुतळी टोकाच्या खुंट्यांवरच ताणली जाते. मधले 30 ठिपके कितीही चोख असोत, क्षेत्रफळ ठरवतात ते कडेचे पाच-सहा.

```r
library(sf)
library(adehabitatHR)
p <- st_as_sf(d, coords = c("lon", "lat"), crs = 4326)
p <- as(st_transform(p, 32643), "Spatial")
mcp(p[, "id"], percent = 95, unout = "km2")
```

आधी `lon`, मग `lat`, हे विसरू नका. शिवाय 32643 मध्ये, म्हणजे मीटरमध्ये, बदलल्याशिवाय क्षेत्रफळ काढू नका. अंशांमधून येणारा आकडा निरर्थक असतो.

सगळे करतात तसं मीही `percent = 95` ठेवलं. केंद्रापासून सर्वांत लांबचे 5 टक्के ठिपके, म्हणजे 40 पैकी 2, गळाले. उत्तर आलं 21 चौरस किलोमीटर. नकाशा इतका नेटका दिसत होता की संशय यायचं कारणच नव्हतं. गळालेले दोन ठिपके कोणते, हे मी पाहिलंच नाही. माझी चूक हीच.

पुढे `percent = 100` लावून पाहिलं तेव्हा सुतळी थेट बीड जिल्ह्याच्या बाहेर गेली. एक ठिपका 38 किलोमीटर दक्षिणेला पडला होता. वहीत 18 अंश 52 मिनिटं लिहिलेलं, आणि संगणकावर उतरवताना कोणीतरी 18.52 टाकलेलं. 52 मिनिटं म्हणजे 0.867 अंश, तेव्हा तिथे 18.867 हवं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: दशांशानंतर दोनच आकडे असतील आणि ते कधीच 59 च्या वर जात नसतील, तर मूळ वही उघडा. हा ठिपका काढायचा नव्हता, दुरुस्त करायचा होता. दुरुस्त केल्यावर तो निमूट मधे जाऊन बसला.

आता पुन्हा 95 टक्के लावले, तर क्षेत्र 17 वर आलं! टक्केवारीला दोन बळी हवेच असतात. चुकीचा ठिपका जागेवर गेला, म्हणून तिने पश्चिम कडेचा एक खरा ठिपका उचलला. तो होता गुहेचा, जिथे पिल्लं दिसली होती. वावर-क्षेत्रातून घरच वगळलेलं.

राहिला दुसरा ठिपका, पूर्वेला 11 किलोमीटरवर, मेलेल्या कोंबड्या टाकतात त्या खड्ड्याजवळचा. बाकी सगळे ठिपके ठेवून तो धरला तर क्षेत्र 42, सोडला तर 21. एका ठिपक्यावर दुप्पट!

पहिला प्रश्न: तरस तोच का? तरसाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. आमच्याकडे बहुतेक फोटो डाव्या कुशीचे, आणि खड्ड्याजवळचा उजव्या. डाव्याशी उजवं जुळवायला गेलात तर एक तर भलतंच जनावर तुमचं होतं, नाहीतर तुमचं जनावर परकं ठरतं. समोरासमोर दोन कॅमेरे लावलेल्या जागेवरून एकाच वेळचे दोन्ही कुशींचे फोटो मिळाले, तेव्हा खात्री पटली.

दुसरा प्रश्न: ही एकदाचीच भटकंती का? प्राणिशास्त्रज्ञ बर्ट यांनी 1943 मध्ये होम रेंजची व्याख्या केली, तेव्हा कधीतरीचा शोधफेरीसारखा फेरा त्यातून वगळला होता. म्हणून ठिपका किती लांब आहे यापेक्षा जनावर तिथे पुन्हा जातं का, हे महत्त्वाचं. मेंढरं चारणारे एक काका म्हणाले, "पोळ्यापासून येतंय की ते." ऐकीव गोष्ट नोंदीत धरता येत नाही, म्हणून परवानगी काढून खड्ड्यापाशी 15 रात्री कॅमेरा ठेवला. आणखी दोन रात्री तेच तरस आलं. ठिपका ठेवला.

एक पथ्य मात्र सांगतो. मुद्दाम कॅमेरा लावल्याने त्या जागेचे ठिपके वाढतात. 100 टक्क्यांच्या सुतळीला त्याने काही होत नाही, पण केंद्र तिकडे सरकतं आणि 95 टक्क्यांत कोण गळणार ते बदलतं. एकाच रात्री एकाच जागी आलेले पाच फोटो पाच ठिपके म्हणून धरले, तरी तेच होतं.

अहवालात मी 42 दिलं, शेजारी खड्ड्याशिवायचं 21 ही दिलं. मधल्या पट्ट्यात ऊस आणि वस्त्या आहेत, तिथे या तरसाची एकही नोंद नाही. तो पट्टा फक्त सुतळी ताणल्यामुळे आत आलाय, हेही लिहिलं. आता तक्त्यात एक रकाना वाढवलाय: ठिपका वगळला असेल तर कारण. "लांब आहे" हे कारण त्यात चालत नाही.