औषधाच्या पत्रकात 'कॉमन' म्हणजे 'सामान्य' नाही! या चुका टाळा

गोळ्यांच्या डबीत घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरातला कागद असतो ना, त्याचं मराठी करायचं काम मी इथे नाशिकमध्ये बसून करते, माझी स्वतःची भाषांतरं असतात आणि दुसऱ्यांची तपासायलाही येतात. आणि तपासायला आलेल्या जवळपास प्रत्येक फाइलमध्ये त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय. साइड इफेक्टच्या यादीवर हेडिंग असतात, व्हेरी कॉमन, कॉमन, अनकॉमन, रेअर, व्हेरी रेअर. एकेक-दोन शब्दच तर आहेत म्हणून नवीन मंडळी ती दोन मिनिटांत उरकतात आणि सगळा वेळ आजारांची नावं शोधण्यात घालवतात. माझ्या मते नेमकं उलटं करायला पाहिजे.

कारण हे शब्द दिसायला विशेषणं असले तरी त्यांच्यामागे ठरलेले आकडे आहेत. युरोपच्या साच्यातल्या पत्रकात व्हेरी कॉमन म्हणजे १० पैकी १ पेक्षा जास्त जणांना होणारा त्रास. कॉमन म्हणजे १० पैकी १ ते १०० पैकी १ यांच्या मधला, अनकॉमन १०० ते १००० मागे एक, रेअर १००० ते १०,००० मागे एक आणि त्याहूनही कमी असेल तर व्हेरी रेअर. म्हणजे हेडिंग फक्त एवढंच सांगतं की किती जणांना होतं. त्रास किती वाईट आहे याबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि मराठीत घोळ होतो तो इथेच.

कॉमनला सगळे डोळे झाकून "सामान्य" लिहितात आणि मग अनकॉमनला ओघानेच "असामान्य". आता हे मोठ्याने म्हणून बघा. आपण सामान्य कशाला म्हणतो? नॉर्मलला, साध्यासुध्याला, काळजी करण्यासारखं नसलेल्याला. आणि असामान्य? असामान्य बुद्धिमत्ता, असामान्य धैर्य. म्हणजे किती जणांना होतं हे सांगणारे दोन शब्द मराठीत आल्याबरोबर किती गंभीर आहे ते सांगायला लागतात, आणि तेही चुकीचं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. ब्लड प्रेशरच्या अ‍ॅम्लोडिपिनचं पत्रक होतं, भाषांतर दुसऱ्याचं, माझ्याकडे फक्त ते वाचकांना दाखवून समजतंय का बघायचं काम होतं. पंचवटीतले एक रिटायर्ड काका होते, सातवी पास, पेपर रोज वाचणारे, स्वतः बीपीची गोळी घेणारे. त्या पत्रकात "सामान्य दुष्परिणाम"खाली घोट्यांना सूज, चक्कर, डोकेदुखी असं होतं आणि "असामान्य दुष्परिणाम"खाली तोंड कोरडं पडणं, शिंका, बेशुद्ध पडणं वगैरे. मी विचारलं, काका, समजा गोळी सुरू केल्यावर तुमचे घोटे सुजले, तर काय कराल? काका म्हणाले, "काही नाही, सामान्य लिहिलंय ना, म्हणजे एवढं तर होणारच, औषध लागू पडतंय म्हणायचं." मग विचारलं तोंड कोरडं पडलं तर? तर म्हणाले, "मग गोळी बंदच करीन, ते असामान्यमध्ये आहे, म्हणजे डेंजर." मला तिथेच कसंतरी झालं. माणूस सूज अंगावर काढणार होता आणि कोरड्या तोंडासाठी बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणार होता, आणि यात त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांनी मराठी अगदी बरोबर वाचली होती. चूक लिहिणाऱ्याची होती.

आता गंमत नाही, खरी अडचण पुढे आहे. मी एजन्सीला हे कळवलं तर उत्तर आलं की बॅक ट्रान्सलेशन क्लीन आहे, बदल नको. बॅक ट्रान्सलेशन म्हणजे आपलं मराठी दुसरा माणूस मूळ न बघता परत इंग्रजीत करतो आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून जुळवतात. पण "सामान्य दुष्परिणाम" हे कुठल्याही सराईत भाषांतरकाराला दिलं तर तो परत कॉमनच लिहिणार, कारण त्यालाही हीच सवय लागलेली आहे. असामान्यचं अनकॉमन होणार. दोन्ही बाजूला तीच खोट असल्यामुळे तपासणीत सगळं तंतोतंत जुळतं आणि चूक पास होऊन जाते. म्हणून या शब्दांपुरता माझा बॅक ट्रान्सलेशनवर विश्वास शून्य आहे. ती चूक फक्त वाचणाऱ्या माणसासमोरच उघडी पडते, आणि तेव्हाही "समजलं का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, "असं झालं तर काय कराल?" आणि "शंभर जणांनी गोळी घेतली तर किती जणांना होईल?" हे दोन प्रश्न विचारायलाच लागतात. शेवटी मी वाचकांची उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवली, तेव्हा कुठे बदल झाला.

ट्रान्सलेशन मेमरीचाही, म्हणजे जुनी भाषांतरं साठवून तीच पुन्हा सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरचाही, यात हात आहे. एकदा कुणी सामान्य सेव्ह केलं की पुढच्या प्रत्येक औषधात ते शंभर टक्के मॅच म्हणून आपोआप येतं, हिरव्या रंगात, आणि नवीन माणूस हिरवं दिसलं की पुढे सरकतो. कृपा करून हेडिंगच्या ओळींवर तरी थांबत जा.

दुसरी चूक जरा हुशार लोक करतात. त्यांना सामान्य खटकतं, म्हणून ते कॉमनला "वारंवार होणारे" लिहितात, व्हेरी कॉमनला "नेहमी होणारे", अनकॉमनला "कधीकधी होणारे". ऐकायला छान मराठी आहे, पण हे सगळे वेळेचे शब्द आहेत. "वारंवार होणारी डोकेदुखी" म्हणजे मला एकटीलाच पुन्हा पुन्हा होणारी डोकेदुखी. मूळ पत्रक म्हणतंय की गोळी घेणाऱ्या माणसांपैकी इतक्या जणांना होते, मग ती त्यांना एकदाच होवो नाहीतर रोज. पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्या दादांना "कधीकधी चव बदलते" अशी ओळ दाखवली तर ते म्हणाले, म्हणजे मला अधूनमधून जेवण बेचव लागणार, बरं. त्यांनी धरून चाललं की आपल्याला होणारच, फक्त रोज नाही! खरं तर १०० मध्ये एकापेक्षाही कमी जणांना होणारी गोष्ट होती ती. "क्वचित" हा चांगला शब्द आहे पण तोही याच जातीचा, क्वचित डोकं दुखतं म्हणजे माझंच, पण कमी वेळा.

यावर माझी एकच सवय आहे, हेडिंगमध्ये माणसं आणायची. "जणांना" किंवा "एखाद्याला" असा शब्द आल्याशिवाय मी ओळ पुढे जाऊ देत नाही. व्हेरी कॉमनला "बऱ्याच जणांना होणारे", कॉमनला "काही जणांना होणारे", अनकॉमनला "थोड्याच जणांना होणारे", रेअरला "क्वचित एखाद्याला होणारे" आणि व्हेरी रेअरला "अगदी क्वचित एखाद्याला होणारे". कुणी म्हणेल की काही आणि थोड्याच यात फरक काय राहिला, बरोबर आहे, नुसत्या शब्दात तो फरक कुठल्याच भाषेत नीट राहत नाही, इंग्लंडमध्ये यावर अभ्यास झालेत आणि तिथेही कॉमन वाचून लोक खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आकडा धरतात. म्हणून शब्दाला लागून आकडा पाहिजेच, आणि मी तो शब्दाच्या आधी टाकते, म्हणजे डोळा आधी आकड्यावर पडतो. अ‍ॅम्लोडिपिनची तीच ओळ मी अशी केली: "१० जणांमागे जास्तीत जास्त १ जणाला (काही जणांना होणारे): घोट्यांना सूज, चक्कर, डोकेदुखी". काकांना परत दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या बाकावर बसणाऱ्या दहा जणांत एखाद्याला. मला झालं तर डॉक्टरला दाखवतो." मला एवढंच हवं होतं.

त्यात "जास्तीत जास्त" गाळू नका. मुळात अप टू असतं, म्हणजे १०० मागे १० पासून १०० मागे १ पर्यंत काहीही. नुसतं "१० पैकी १" लिहिलं तर वरची मर्यादा हाच नक्की आकडा होऊन बसतो. आणि "१ मध्ये १०" असं उलटं लिहिलेलंही मी छापायला गेलेल्या फाइलमध्ये पाहिलंय, इंग्रजीचा क्रम तसाच उचलल्यामुळे होतं ते.

रेअरला "दुर्मिळ" नको, दुर्मिळ नाणं असतं, दुर्मिळ पुस्तक असतं, आणि "दुर्मिळ आजार" असं वाचलं की लोकांना वेगळाच मोठा रोग वाटतो.

"हजारात एक" पण नको. गंगापूर रोडच्या एक मावशी ती ओळ वाचून म्हणाल्या, हजारात एक म्हणजे चांगलंच असणार ना, आपण सुनेला म्हणतो तसं. "हजार जणांमागे एकाला" लिहा, मग तो गैरसमज होत नाही.

शेवटचं हेडिंग असतं नॉट नोन. त्याला "अज्ञात दुष्परिणाम" लिहिणाऱ्यांना मी हात जोडते. दुष्परिणाम अज्ञात नसतो, खाली त्याचं नाव लिहिलेलं असतं! अज्ञात असतं ते प्रमाण. बहुतेक वेळा असं होतं की औषध बाजारात आल्यावर डॉक्टरांनी किंवा पेशंटनी तो त्रास कळवलेला असतो, पण गोळी एकूण किती जणांनी घेतली आणि त्यातल्या किती जणांनी त्रास होऊनही कळवलंच नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, मग भागाकार करणार कशाला कशाने. त्यात ते यादीत सगळ्यात खाली, व्हेरी रेअरच्याही नंतर येतं, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळ्यात कमी होणारं. तसं काही नाही, ते कमीही असेल, जास्तही असेल. मी पूर्ण वाक्यच लिहिते: "पुढील त्रास झाल्याचे कळले आहे, पण तो किती जणांना होतो हे उपलब्ध माहितीवरून सांगता येत नाही." लांब होतं, ले-आउटवाले कुरकुर करतात, करू द्या.

आणि क्लायंटची ग्लॉसरी लॉक असेल, सामान्य बदलायची परवानगीच नसेल तर? मी काम घेते, पण फाइलसोबत वेगळी नोट जोडते, की या शब्दाचा वाचकाने काय अर्थ लावला आणि तो काय करणार होता. आणि आकडा त्या शब्दाच्या आधी आणायची परवानगी मागते, ती बहुतेक वेळा मिळते, कारण त्यात ग्लॉसरीतला एकही शब्द हलत नाही.