कोरियन बँकेच्या अ‍ॅपवरून पैसे गावी पाठवताना: शेवटच्या स्क्रीनआधीची तयारी

कोरियातल्या बँकेच्या अ‍ॅपमधून पुण्याला किंवा साताऱ्याला पैसे पाठवायचे तर खरी तयारी अ‍ॅप उघडण्याआधी करावी लागते. अनेक बँकांची अ‍ॅप स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत, त्यामुळे भाषांतराचं अ‍ॅप ऐन वेळी कामाला येत नाही. त्यात काही मिनिटं हात हलवला नाही की अ‍ॅप स्वतःच लॉगआउट होतं आणि सगळं पुन्हा भरावं लागतं. म्हणून जवळ एक कागद, घरच्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा स्पष्ट फोटो आणि कॅल्क्युलेटर ठेवा. फोटो दुसऱ्या फोनवर असेल तर उत्तम. अ‍ॅप इंग्रजीत करता येत असलं तरी खालचे कोरियन शब्द कागदावर लिहून घ्या. इंग्रजी निवडूनही शेवटच्या टप्प्यावरच्या सूचना आणि संमतीचे मजकूर कोरियनमध्येच येतात, असं पुष्कळदा होतं.

पहिली तयारी आकड्यांची. कोरियन माणूस हजार-लाख-कोटी मोजत नाही, तो 만 मोजतो, म्हणजे दहा हजार. स्क्रीनवर 1,420,000 लिहिलेलं असतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 142만 원. आपल्या डोक्यात ते बसवायची सोपी युक्ती अशी: 만च्या आधीच्या आकड्याला दहाने भागा, लाख मिळतात. 142만 म्हणजे 14 लाख 20 हजार वॉन. 억 दिसलं तर ते दहा कोटी. एक शून्य जास्त पडलंय का हे स्वल्पविराम मोजून कळायला वेळ लागतो, 만च्या ओळीवरून लगेच कळतं. त्यामुळे तपासायची ती हीच ओळ.

आता पाठवण्याआधीचा शेवटचा स्क्रीन खालून वर वाचायचा. तळाशी 총 출금금액 असतं, म्हणजे खात्यातून एकूण वजा होणारी रक्कम. वर कुठेतरी 송금금액 असतं, म्हणजे पाठवली जाणारी रक्कम, आणि ती बहुधा डॉलरमध्ये असते. या दोन ओळींच्या मधे जे काही आहे, त्यातून हिशोब जुळला पाहिजे. तो एकदा हाताने करून बघू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पद्धत खरी आहे.

समजा 1,000 डॉलर पाठवायचे आहेत. त्या दिवशी 매매기준율, म्हणजे बँकेचा पायाभूत दर, 1,400 वॉन आहे. या दराने तुम्हाला डॉलर मिळत नाहीत. परदेशी पाठवण्यासाठी बँक जो दर लावते त्याला 전신환매도율 किंवा साध्या भाषेत 송금 보낼 때 म्हणतात. तो धरू 1,414. मधले 14 वॉन ही बँकेची कमाई. आता स्क्रीनवर 환율우대 50% असं ठळक दिसतं आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ही पन्नास टक्के सूट दरावर नसते, त्या 14 वॉनवर असते. म्हणजे 7 वॉन कमी होऊन 적용환율, लागू झालेला दर, 1,407 होतो. हजार डॉलरचे 14,07,000 वॉन. त्यावर 송금수수료, पाठवणावळ, समजा 5,000, आणि 전신료, संदेश पाठवण्याचा आकार, समजा 8,000. बेरीज 14,20,000. खाली 142만 원 दिसलं तर हिशोब जुळला.

जुळला नाही तर बहुधा दोनच कारणं असतात. एक, सूट लागलीच नाही, कारण ती ठरावीक चलनाला, ठरावीक ग्राहकाला किंवा ठरावीक वेळेत होती. तेव्हा दर 1,414च राहतो आणि 7,000 वॉन जास्त जातात. दोन, परदेशी बँकेचा आकार तुम्ही स्वतःवर घेतलेला आहे आणि तो बेरजेत मिळवला गेला आहे. हे दुसरं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण घरून ‘पैसे कमी का आले?’ असा फोन येतो त्याचं मूळ बहुतेक वेळा याच ओळीत सापडतं.

त्या ओळीचं नाव 수수료 부담, म्हणजे आकार कोणी सोसायचा. 보내는 분 부담 म्हणजे पाठवणाऱ्याने, 받는 분 부담 किंवा 수취인 부담 म्हणजे घेणाऱ्याने. शेजारी OUR, SHA किंवा BEN अशी अक्षरं असू शकतात. OUR म्हणजे सगळा खर्च तुमचा. SHA म्हणजे कोरियातला खर्च तुमचा आणि पुढचा घेणाऱ्याचा. BEN म्हणजे सगळाच घेणाऱ्याचा. 받는 분 부담च्या शेजारी बहुधा SHA असतं, तरी अक्षरं वाचून खात्री करा. डॉलर कोरियातून थेट साताऱ्याला जात नाहीत, मधे एखादी मध्यस्थ बँक असते. SHA असेल तर ती आपला आकार रकमेतूनच कापते. तिने समजा 20 डॉलर कापले, तर तुमच्या स्क्रीनवर 1,000 दिसत असले तरी भारतातल्या बँकेत 980 पोचतात. पुढे तिथली बँक आपल्या दराने रुपये करते आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी घेते. यात कोणीही चोरी केलेली नसते.

मग काय निवडावं? घरखर्चाला पाठवत असाल आणि दोन हजार रुपये इकडेतिकडे चालणार असतील तर SHA ठीक आहे. कारण OURसाठी बँक एक ठरावीक रक्कम आधीच घेते आणि ती प्रत्यक्ष कपातीपेक्षा जास्त असू शकते. पण कॉलेजची फी किंवा कर्जाचा हप्ता अशी नेमकी रक्कम पोचायला हवी असेल तर OUR घ्या. अर्थात OUR घेतलं तरी रुपयांत बदलताना भारतातल्या बँकेचा दर लागणारच, तेव्हा थोडी रक्कम वर ठेवावी.

पैसे पाठवणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये 수수료 0원, म्हणजे आकार शून्य, असं झळकतं आणि घेणाऱ्याची रक्कम रुपयांत दिसते. तिथे कमाई दरात मुरलेली असते. दोन ठिकाणांची तुलना करायची तर आकार आणि दर वेगवेगळे बघत बसू नका. हाती पडणारे रुपये भागिले खात्यातून जाणारे एकूण वॉन, एवढं करा. मात्र 수취금액, म्हणजे घेणाऱ्याला मिळणारी रक्कम, याच्या आधी 예상 हा शब्द आहे का ते बघा. 예상 म्हणजे अंदाजे. तो असेल तर ती रक्कम पक्की नाही.

यानंतर घेणाऱ्याचा भाग. कोरियातल्या कोरियात पैसे पाठवताना खाते क्रमांक टाकला की खातेदाराचं नाव, 예금주, आपोआप समोर येतं. त्याची सवय लागलेली असते. परदेशी पाठवताना तसं होत नाही. स्क्रीनवर दिसणारं 받는 분चं नाव हे तुम्ही टाइप केलेलंच असतं, कोणी ते पडताळलेलं नसतं. म्हणून 계좌번호, खाते क्रमांक, पासबुकावरून शेवटच्या अंकाकडून उलटा वाचून ताडून बघा. नावाच्या बाबतीत आपली मराठी अडचण वेगळीच आहे. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिन्ही असतं, बँकेत मात्र कधी मधलं नाव नसतं, कधी नुसतं आद्याक्षर असतं. इथे पासपोर्ट बाजूला ठेवा आणि पासबुकात आहे तसंच इंग्रजी स्पेलिंग टाका. पत्त्यात & आणि # ही चिन्हं नकोत. आंतरराष्ट्रीय बँक संदेशात ती चालत नाहीत. ‘फ्लॅट नंबर’ शब्दांत लिहिलेला बरा.

SWIFT आणि IFSC या दोन कोडांची गल्लत फार होते, कारण दोन्हींची सुरुवात सारखी दिसू शकते. स्टेट बँकेचं उदाहरण घेऊ. SWIFT कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखण्याचा कोड, `SBININBB` असा आठ अक्षरांचा असतो, किंवा शाखेची तीन अक्षरं धरून अकरा. त्यात पाचवं-सहावं अक्षर IN, म्हणजे भारत. IFSC नेहमी अकरा अक्षरांचा, सुरुवात `SBIN0`, आणि ते पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. गावातल्या शाखेला बहुधा स्वतःचा SWIFT नसतो, मुख्य शाखेचा वापरतात. त्यामुळे कोड टाकल्यावर 은행명, म्हणजे बँकेचं नाव, या ओळीत मुंबई आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, साताऱ्याची शाखा IFSCवरून ओळखली जाते. अनेक नागरी सहकारी बँकांना स्वतःचा SWIFT कोडच नसतो. घरच्यांचं खातं तशा बँकेत असेल तर त्यांना आधी विचारून घ्या, किंवा सरळ दुसऱ्या बँकेतलं खातं वापरा.

송금사유, म्हणजे पाठवण्याचं कारण, या ओळीत विद्यार्थ्यांसाठी एक सापळा आहे. यादीत 유학생 경비 दिसतं. कोरियातल्या विद्यापीठात तुम्हाला सगळे 유학생च म्हणतात, त्यामुळे बोट तिकडेच जातं. पण हा पर्याय कोरियातून बाहेर शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या खर्चासाठी असतो. तुम्ही तर कोरियात शिकत आहात, म्हणजे पैशांची दिशाच उलटी. नोकरीचा पगार पाठवत असाल तर 급여 किंवा 보수 असलेला पर्याय शोधा, त्याला पगाराचा पुरावा लागू शकतो. जवळच 수취인과의 관계, घेणाऱ्याशी नातं, असेल. 본인 म्हणजे स्वतः, 부모 आई-वडील, 배우자 नवरा किंवा बायको. आईच्या खात्याला 본인 लावलं तर दोन नावं जुळत नाहीत आणि बँक पैसे अडवून विचारणा करू शकते.

शेवटी बटणं. 취소 रद्द, 이전 मागे, 수정 दुरुस्ती. 확인, 송금하기 किंवा 보내기 म्हणजे पुढे. यानंतर खात्याचा पासवर्ड, 계좌비밀번호, आणि मग OTP किंवा प्रमाणपत्राचा पिन मागितला जातो. तो पिन टाकेपर्यंत सगळं फुकटात बदलता येतं. त्यानंतर नावातलं एक अक्षर बदलायचं तरी 조건변경, म्हणजे तपशील बदलण्याचा, अर्ज करावा लागतो, आणि पैसे परत आले तर त्याला 퇴결 म्हणतात. दोन्हींत आकार जातो आणि परत येणारी रक्कम त्या दिवसाच्या दराने वॉनमध्ये बदलते. पाठवून झाल्यावर 해외송금 확인서, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याचा दाखला, उतरवून ठेवा आणि त्यावरचा संदर्भ क्रमांक घरी कळवा. दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे दिसले नाहीत तर बँकेला SWIFT 전문, म्हणजे बँकेने पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागा. भारतातल्या शाखेला त्या कागदावरून पैसे कुठे अडकले ते शोधता येतं, नुसत्या अ‍ॅपच्या फोटोवरून नाही.