दात येताहेत म्हणून ताप? या चुका टाळा

सातव्या महिन्यात माझ्या लेकीच्या खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसायला लागली आणि त्याच आठवड्यात ती तापली. काखेत थर्मामीटर लावला तर १०२. नाक कोरडं, खोकला नाही. सासूबाई म्हणाल्या, "दात येताहेत गं, उतरेल दोन दिवसांत." मलाही पटलं. पॅरासिटामॉल दिलं की ती हसायची, खेळायची, म्हणून दीड दिवस तशीच थांबले. डॉक्टरांनी मात्र आधी लघवी तपासायला लावली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला.

पहिली चूक तीच: औषधाने ताप उतरला, म्हणजे साधाच होता असं समजणं. पॅरासिटामॉल कुठलाही ताप उतरवतं, कारण सांगत नाही.

दात येताना त्रास होतो तो हिरडीपुरता. लाळ गळते, हनुवटीवर बारीक पुरळ येतं, हाताला लागेल ते बाळ चावतं, रात्री किरकिरतं. हे दात वर येण्याच्या आगेमागे थोडेच दिवस चालतं. अंग किंचित कोमट लागेल, पण १००.४ किंवा त्याहून जास्त ताप दातांचा नसतो. जुलाबही दातांचे नसतात. मग दात आणि ताप यांची गाठ दरवेळी का पडते? कारण पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो, आणि आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती तेव्हाच ओसरत असते. त्यात बाळ दिसेल ती वस्तू तोंडात घालतं.

सर्दी नाकातून कळते. आधी पाण्यासारखं वाहतं, दोन-तीन दिवसांत घट्ट होतं, शिंका आणि खोकला येतो. दूध पिताना नीट बघा: सर्दी झालेलं बाळ दोन घोट घेऊन श्वासासाठी तोंड सोडतं, हिरडी दुखणारं चोखायला लागताच कळवळतं. सर्दीचा ताप असलाच तर तो सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत. नाक सुधारत असताना पुन्हा ताप चढला आणि बाळ कान ओढू लागलं, तर कान तपासून घ्या. नुसतं कान ओढणं दातांमुळेही असू शकतं.

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. काखेतला आकडा शरीरातल्या तापापेक्षा थोडा कमी येतो, हेही धरा. हिरडी बधिर करणारं जेल तर लावूच नका. अशा काही जेलमधल्या बेन्झोकेनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता क्वचित धोकादायकरीत्या घटते. धुतलेल्या बोटाने हिरडी चोळा, गार टीदर द्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मोठ्या बाळाचाही श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ते मलूल पडलं असेल किंवा लंगोट बराच वेळ कोरडा असेल, तर थांबू नका. आणि नाक कोरडं असूनही ताप दिवसभर टिकला, तर डॉक्टरांना लघवीच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच द्यावा लागतो, नंतर जंतू बहुधा सापडत नाहीत.