ऑफसाइडवरून भांडण्याआधी या चुका टाळा

रविवारी सकाळी मैदानावर शिटी माझ्याकडे असते. दर रविवारी किमान एक भांडण ऑफसाइडवरून होतं, म्हणजे पास सुटताना स्ट्रायकर बॉलच्या आणि समोरच्या डिफेन्सच्या पुढे, गोलच्या जास्त जवळ होता का यावरून. त्यातली बहुतेक त्याच दोन गैरसमजांतून होतात. हल्ली त्यात टर्फवरून आलेल्या मुलांची भर पडली आहे. टर्फवरच्या पाच-पाचच्या खेळात ऑफसाइड सहसा नसतोच, फुटसालच्या नियमांतही नाही. तिथे दोन-तीन वर्षं गोलसमोर उभं राहून गोल मारलेला मुलगा मोठ्या मैदानावर आला की पहिल्याच मॅचला चारदा पकडला जातो आणि रेफ्रीवर चिडतो. नियम वाचायला दहा मिनिटं पुरतात, पण तेवढा धीर कुणाला नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुकीच्या क्षणी बघणं. स्ट्रायकरला बॉल मिळाला तेव्हा तो कुठे होता, हे सगळे बघतात. नियम विचारतो की त्याच्या जोडीदाराने पास मारला, त्याचा पाय बॉलला लागला, त्या क्षणी स्ट्रायकर कुठे होता. त्यानंतर तो कितीही पुढे पळाला तरी चालतं.

मागच्या हंगामात याच गोष्टीवरून एक मॅच अर्धा तास थांबली. स्कोअर १-१. निळ्या संघाच्या मिडफिल्डरने सेंटर सर्कलमधून डिफेन्सच्या मागे लांब पास टाकला. त्यांचा विंगर उजव्या बाजूला शेवटच्या डिफेंडरच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि पास सुटताच तो पळाला. डिफेंडर मात्र हात वर करून जागीच थांबला. बॉल विंगरच्या पायात आला तेव्हा दोघांत दहा-बारा मीटरचं अंतर होतं. गोल झाला, मी दिला, आणि अख्खा लाल संघ माझ्याभोवती जमला. "काका, एवढा पुढे होता तो, आंधळ्यालाही दिसेल!"

बाहेरून कुणीतरी मोबाइलवर क्लिप काढली होती. ती आणली आणि विंगरच्या पायाला बॉल लागतो तिथे थांबवून माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, मागे घ्या. पास मारणाऱ्याचा बूट बॉलला लागेपर्यंत मागे घ्या. तिथे विंगर आणि डिफेंडर एका रेषेत होते. एका रेषेत म्हणजे ऑफसाइड नाही. १९९० पासून नियम असाच आहे.

हिशोब साधा आहे. तसा पास पोचायला दोन-अडीच सेकंद लागतात. चांगला पळणारा मुलगा तेवढ्या वेळात दहा-बारा मीटर जातो. डिफेंडर हात वर करून उभा राहिला तर तो शून्य मीटर जातो. म्हणजे लोकांना जे अंतर 'ऑफसाइड' म्हणून दिसलं, ते पास सुटल्यानंतर तयार झालेलं होतं. डिफेंडर पळाला असता तर ते दोन-तीन मीटरच राहिलं असतं आणि गोल कदाचित वाचला असता. म्हणून पोरांना माझं एकच सांगणं असतं, शिटी वाजेपर्यंत हात खाली ठेवा आणि पळा.

बघणाऱ्यांसाठी माझी सवय सांगतो. पास मारणाऱ्याच्या पायाकडे बघत बसू नका. नजर डिफेन्सच्या रेषेवर ठेवा आणि किकचा आवाज ऐका. आवाज आला की त्या क्षणी रेषा कशी होती ते मनात पक्कं करा, मगच बॉलमागे जा. सुरुवातीला बॉल बघायची ओढ आवरत नाही, ती आवरावीच लागते.

दुसरी चूक 'शेवटचा डिफेंडर' या शब्दांनी करून ठेवली आहे. नियमात शेवटचा डिफेंडर नाही, बचाव करणाऱ्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू आहे, मग तो कुणीही असो. एरवी गोलकीपर शेवटचा असतो म्हणून शेवटचा डिफेंडर आपोआप दुसरा ठरतो आणि सोपं वाक्य चालून जातं. गोलकीपर पुढे आला की ते कोसळतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०१० च्या वर्ल्ड कपमधली सलामीची मॅच आहे, ११ जूनला जोहान्सबर्गला झालेली दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको. पहिल्या हाफमध्ये मेक्सिकोला कॉर्नर मिळाला. दक्षिण आफ्रिकेचा गोलकीपर खुने बॉल अडवायला पुढे आला आणि चुकला. फ्रँकोने हेडरने बॉल पुढे सरकवला, पलीकडे उभ्या कार्लोस वेलाने तो जाळ्यात ढकलला. लाइनमनने झेंडा वर केला. जगभर लोक विचारत होते, गोललाइनजवळ डिफेंडर उभा दिसतोय, मग ऑफसाइड कसा?

फ्रँकोचं डोकं बॉलला लागलं त्या क्षणी मोजा. वेला आणि गोललाइन यांच्यामध्ये दक्षिण आफ्रिकेचा एकच माणूस होता, तो डिफेंडर. खुने वेलाच्या मागे राहिला होता आणि बॉलही वेलाच्या मागे होता. दोन हवेत, एकच होता. निर्णय बरोबर होता आणि मॅच १-१ सुटली.

याच गोलमध्ये तिसरा गैरसमजही उघडा पडतो: 'कॉर्नरवर ऑफसाइड नसतो'. कॉर्नरवरून थेट बॉल मिळाला तर नसतो. फ्रँकोचा स्पर्श झाला की तो नवा पास झाला आणि मोजणी तिथून पुन्हा सुरू झाली. थ्रो-इन आणि गोल किकचंही तसंच, सवलत फक्त पहिल्या स्पर्शापुरती. फ्री किकला मात्र सवलत अजिबात नाही, आणि पार्कात हे निम्म्यांना माहीत नसतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पास सुटताना स्वतःच्या हाफमध्ये असलात तर ऑफसाइड होत नाही, मध्यरेषाही त्यातच धरतात. हात मोजत नाहीत, डोकं, धड आणि पाय मोजतात. ऑफसाइडच्या जागी नुसतं उभं राहणं गुन्हा नाही. बॉल खेळलात, गोलकीपरची नजर अडवलीत किंवा डिफेंडरला अडथळा केलात तरच शिटी वाजते. आणि बॉल पोस्टला किंवा डिफेंडरच्या अंगाला लागून उडाला म्हणून तुम्ही वाचत नाही. डिफेंडरने समजून-उमजून बॉल खेळला, तोही गोल वाचवण्यासाठी नाही, तरच जुनी मोजणी संपते.

एक चलाखी मात्र मला मुळीच सहन होत नाही. समोरचा ऑफसाइड ठरावा म्हणून डिफेंडर मुद्दाम गोललाइनबाहेर जाऊन उभा राहतो. त्याला लाइनवरच उभा धरतात. २००८ च्या युरोत इटलीविरुद्ध नेदरलँड्सच्या व्हॅन निस्टलरॉयचा गोल याच तरतुदीने टिकला. इटलीचा पानुच्ची चलाखी करत नव्हता, स्वतःच्याच गोलकीपरचा धक्का लागून तो गोललाइनमागे पडला होता. तरी तो मोजला गेला, गोल ग्राह्य धरला आणि नेदरलँड्स ३-० जिंकले. पडलेला माणूस मोजतात, मग पळून गेलेला का मोजणार नाहीत?