सकाळी दार मिटेना, दुपारी उघडेना: फ्यूम हूडच्या एक्झॉस्टमधल्या या चुका टाळा

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमधून एप्रिलमध्ये फोन आला. तक्रार नेहमीचीच, हूडमधून, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटातून, वास बाहेर येतो. मी पोचलो तेव्हा तिथला मेंटेनन्सवाला काचेखाली हात धरून मला दाखवत होता, "भाऊ, वारा तर लय आहे नं, मग वास काऊन येते?"

प्रश्न रास्त होता. वारा खरंच भरपूर होता आणि निम्मा घोळ त्यामुळेच झाला होता.

लॅबमध्ये सहा फुटी चार हूड. काच, म्हणजे सॅश, कामाच्या उंचीवर अर्धा मीटर उघडी ठेवली की तोंड दीड मीटर रुंद. क्षेत्रफळ 0.75 चौरस मीटर. फेस व्हेलॉसिटी, म्हणजे या तोंडातून आत जाणाऱ्या हवेचा वेग, सेकंदाला 0.5 मीटर धरली तर एका हूडला तासाला 1350 घनमीटर हवा लागते आणि चौघांना 5400. दोन वर्षांपूर्वी वीज वाचवायला व्हीएव्ही, म्हणजे गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा, बसवली होती. काच खाली केली की डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, मिटतो आणि हूड सुमारे 450 घनमीटरवर येतो. त्याहून खाली जाऊ देत नाहीत, कारण बंद हूडच्या आतही वाफा साचता कामा नयेत. मूळ डिझाइनमध्ये चूक म्हणावी असं काही नव्हतं. चुका नंतर एकीतून एक निघत गेल्या.

पहिली चूक: वास आला की वेग वाढवणे

वासाची तक्रार आल्यावर कुणीतरी कंट्रोलरचा सेटपॉइंट 0.5 वरून 0.7 केला होता. हूडपुढे माणूस उभा राहिला की हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून आत जाते आणि छातीपुढे एक भोवरा तयार होतो. वेग जितका जास्त, तितका हा भोवरा जोरात फिरतो आणि काचेजवळची वाफ उचलून थेट नाकाशी आणतो. 0.4 ते 0.5 या पट्ट्यात बहुतेक चांगले हूड नीट चालतात. 0.6 च्या पुढे गेल्यावर फायदा होत नाही, उलट नुकसानच व्हायला लागतं. शिवाय 0.7 केल्यावर लॅबमधून 40 टक्के जास्त हवा बाहेर जाते, आणि ती कुठून तरी आत यावी लागते. ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी सेटपॉइंट परत 0.5 केला आणि हॉट-वायर ॲनिमोमीटरने तोंडाचे बारा चौकोन पाडून मोजलं. सरासरीच्या आकड्यावर समाधान मानू नका. तीन हूडमध्ये प्रत्येक चौकोन सरासरीच्या 20 टक्क्यांच्या आत होता. दाराजवळच्या चौथ्यात सरासरी 0.5 च होती, पण डाव्या खालच्या कोपऱ्यात 0.3 आणि तोही आकडा सारखा हलता. मग कोमट पाण्याच्या भांड्यात ड्राय आइसचे तुकडे टाकून भांडं काचेच्या सहा इंच आत ठेवलं. धूर आधी गुमान मागे गेला. तेवढ्यात मागचं दार कुणीतरी उघडलं आणि धुराची एक जीभ काचेखालून बाहेर आली. त्या घटकेला पॅनलवर 0.5 दिसत होतं आणि दिवा हिरवाच होता.

फेस व्हेलॉसिटी म्हणजे ताप मोजण्यासारखं आहे. आकडा बिघडला तर दुखणं नक्की, पण बरा असला म्हणून हूड वाफ आत धरून ठेवतोच असं नाही. त्यासाठी धूर सोडूनच बघावं लागतं.

दुसरी चूक: एक्झॉस्ट व्हीएव्ही, सप्लाय मात्र जिथल्या तिथे

दाराने काय केलं ते सांगतो, कारण खरं निदान तिथेच झालं. दार कॉरिडॉरकडे उघडणारं. दुपारी तीनला चारही हूड चालू असताना एक ॲनालिस्ट ताई दोन्ही हातांनी ते ओढत होती आणि फटीतून शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गेलो तर सगळ्या काचा खाली, आणि तेच दार स्वतःहून दोन बोटं उघडं राहत होतं. ढकलून लावलं तरी पुन्हा सरकायचं.

मी फटीशी टिश्यूची पट्टी धरली. सकाळी ती कॉरिडॉरकडे उडाली, दुपारी लॅबकडे. एवढ्यावरच कळतं की सप्लायची हवा एक्झॉस्टच्या मागोमाग चालत नाही.

एएचयू, म्हणजे बाहेरची हवा थंड करून लॅबला देणारा संच, तासाला 4000 घनमीटर ताजी हवा देत होता, रात्रंदिवस तेवढीच. व्हीएव्ही बसवणाऱ्यांनी हूडला डॅम्पर दिले, एएचयूला हात लावला नाही. चारही हूड उघडे असले की 5400 बाहेर आणि 4000 आत, म्हणजे 1400 ची तूट. ही हवा दाराच्या फटी, पास बॉक्स, फॉल्स सीलिंग जिथून मिळेल तिथून येते. मॅनोमीटरवर कॉरिडॉर आणि लॅबमध्ये 70 पास्कलच्या आसपास फरक होता. जवळजवळ दोन चौरस मीटरच्या दाराला हा दाब आत धरून ठेवतो, म्हणून हँडलला साधारण सात किलोचा जोर लागतो, डोअर क्लोजरचा वेगळा. आणि दार उघडलं की हवेचा लोंढा आत शिरतो, तो आधी चौथ्या हूडवर. धुराची जीभ का निघाली, ते इथे उलगडलं.

सकाळी उलटं. एक्झॉस्ट फक्त 1800, आत येणारी हवा तीच 4000. लॅब फुगते आणि बेंचवरच्या सॉल्व्हंटच्या बाटल्यांचा वास कॉरिडॉरमार्गे ऑफिसात जातो. ऑफिसातल्यांची तक्रार हूडवर, आणि हूड तर तेव्हा बंदच!

कूलरचं नाटक

लॅबच्या खिडकीत एक मोठा डेझर्ट कूलर होता. दुपारी दार आणि दाब बघितला तेव्हा तो बंद होता. कॉरिडॉरची गरम हवा फटींतून ओढली जायची म्हणून लॅब तापायची, म्हणून कूलर. मार्च सरला की नागपुरात कुणी कूलरला नाही म्हणत नाही, तेव्हा दोष कुणाला देणार? पण त्याचा झोत दुसऱ्या हूडच्या तोंडासमोर सेकंदाला 1 मीटर निघाला. हूडसमोरचा आडवा वारा फेस व्हेलॉसिटीच्या निम्म्याहून कमी असायला हवा, म्हणजे इथे 0.25 च्या आत. छताचा पंखा, स्प्लिट एसी आणि हूडवर रोखलेला डिफ्यूजर यांनाही हाच नियम.

गंमत अशी की कूलर चालू असला की दार सहज उघडायचं. तो बाहेरची हवा आत ढकलत होता, म्हणजे नकळत मेक-अप एअर पुरवत होता. त्यामुळे मेंटेनन्सची खात्रीच झाली होती की दाराचा प्रॉब्लेम सुटला. पावसाळ्यात कूलर बंद झाला की दार पुन्हा घट्ट, आणि बिजागऱ्यांना तेल.

दुरुस्ती कशी केली

एएचयूच्या ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावला आणि त्याला हिशेब एकच दिला: चारही हूडच्या एक्झॉस्टची बेरीज, वजा 500 घनमीटर. हा 500 चा फरक टक्क्यांत ठेवू नका. 10 टक्के ठेवला तर सगळे हूड उघडे असताना तो 540 येतो, पण बंद असताना फक्त 180. हवा मोजणाऱ्या व्हॉल्व्हची चूक दोन्हीकडे 5 टक्के धरली तरी 1800 वर ती 170 च्या घरात जाते, आणि लॅब निगेटिव्ह, म्हणजे कॉरिडॉरपेक्षा कमी दाबाची, आहे की नाही हे नशिबावर सोडावं लागतं. फटी तर काच वर-खाली केल्याने बदलत नाहीत, म्हणून फरकही ठरलेलाच हवा. 500 ला या दारावर 10 ते 12 पास्कल मिळतात. दार सहज उघडतं आणि टिश्यू कायम आत वळते.

खोलीच्या दाबावर थेट कंट्रोल ठेवायचा मोह बरेच जण करतात. छोट्या, ये-जा असलेल्या लॅबमध्ये तो टाळा. दार उघडलं की दाब शून्य होतो, कंट्रोलर बावरतो आणि ब्लोअर वर-खाली धावायला लागतो. दाबाचा सेन्सर अलार्मसाठी ठेवा.

मग 4000 च्या एएचयूचं काय? तीन हूड उघडे आणि एक बंद असेल तर एक्झॉस्ट 4500, त्यातून 500 गेले की बरोबर 4000. म्हणजे मूळ डिझाइनरने तीनच हूड एका वेळी उघडे असतील असं धरलं होतं. धरलं ते ठीक, पण ते वापरणाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता चौथी काच वर गेली की बझर वाजतो.

एक अडचण नंतर निघाली. काच खाली केल्यावर एक्झॉस्ट तीन सेकंदांत कमी व्हायचा, पण व्हीएफडीचा रॅम्प टाइम फॅक्टरीतून आला तसा 30 सेकंद होता. तेवढा वेळ लॅब फुगायची. रॅम्प 8 सेकंदांवर आणला आणि डॅम्परला मिटताना 12 सेकंद घेऊ दिले. उघडताना मात्र तीनच, कारण तिथे माणूस समोर उभा असतो.

छतावरही एक गोष्ट बघितली. 5400 ला चिमणीतून हवा सेकंदाला 15 मीटरने निघते, 1800 ला ती 5 वर येते आणि वाफ तिथेच लोळत राहते. एएचयूचं तोंड त्याच गच्चीवर असेल तर तीच वाफ परत आत. फॅनच्या इनलेटला बायपास डॅम्पर दिला, तो गच्चीवरची हवा मिसळून चिमणीचा वेग टिकवतो.

मे महिन्यावर चिलर ठरवू नका

नागपूर म्हटलं की सगळे 44-45 अंश धरून टनेज काढतात. इथेच फसगत होते. मेमधली 44 अंशांची हवा कोरडी असते. किलोमागे 10 ग्रॅम पाणी धरलं तर 4000 घनमीटर हवा 24 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेवर आणायला सुमारे 8 टन लागतात. जुलैमधली 30 अंशांची, किलोमागे 20 ग्रॅम पाण्याची हवा तेवढीच करायला सुमारे 12 टन. हवा थंड करण्यापेक्षा तिच्यातलं पाणी काढणं महाग पडतं. एअर वॉशरने भागवायचा विचारही याच कारणाने कोसळतो. मेमध्ये तो 27 अंशांची हवा देईल, पण इतकी दमट की नमुन्यातलं पाणी मोजणारी कार्ल फिशर चाचणी करणारे वैतागतील, आणि जुलैमध्ये तो नुसता पाणी शिंपडेल.

या लॅबचा कॉइल 8 टनांचाच निघाला. मेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तर टिश्यू आत वळत होती, दार एका हाताने उघडत होतं, आणि बॅलन्स रूमच्या काचेवर दव होतं. 4 टनांचा दुसरा कॉइल ऑक्टोबरमध्ये लागला. तोपर्यंत त्यांनी एका वेळी दोनच हूड उघडायचे ठरवून निभावलं.